अलार्म आणि ट्रिपच्या मधल्या दहा डिग्री

मोटीबेनच्या आणि माझ्या मध्ये तेलाची टाकी असायची. टाकी म्हणजे स्टीलचं लांबट भांडं, खाली हीटर, वर ढवळायचा पंखा आणि काठाला अडकवलेला काचेचा थर्मामीटर. ती टेबलाच्या एका टोकाला काट्यासमोर बसायची, मी दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर तीन बत्त्यांचा बोर्ड होता. बत्ती लागली की मी ‘आली’ म्हणायचं, त्याच क्षणी मोटीबेन काटा वाचणार. बडोद्याच्या जीआयडीसीतल्या त्या छोट्या वर्कशॉपमध्ये माझं काम एवढंच होतं, आणि मला ते बरं वाटायचं. दिवसभरात बोलायचा शब्द एकच.

आम्ही ट्रान्सफॉर्मरवर लावायची मीटरं तयार करायचो. दिसायला भिंतीवरच्या घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यातून निघालेली लांब बारीक तांब्याची नळी आणि नळीच्या टोकाला बोटाएवढा बल्ब. बल्ब ट्रान्सफॉर्मरच्या माथ्यावर तेलात बुडवतात. पण तेल किती तापलं एवढं कळून भागत नाही. आत तारांचं गुंडाळं असतं, त्याला वाइंडिंग म्हणतात, ते तेलापेक्षा जास्त तापतं, आणि जळतं तेही तेच. त्याच्यावर विजेचा एवढा मोठा दाब असतो की त्याला थर्मामीटर चिकटवता येत नाही. म्हणून मीटरच्या पोटात एक छोटा हीटर ठेवलेला असतो. ट्रान्सफॉर्मरवर जेवढा लोड, त्या प्रमाणात थोडासा करंट या हीटरला मिळतो. तेलापेक्षा वाइंडिंग जितकं जास्त तापलं असेल, तितकाच काटा हा हीटर वर ढकलतो. लोड वाढला की हीटर तापतो, उतरला की निवतो. न बघितलेल्या गोष्टीचा आकडा काटा दाखवतो, आणि तो खरा असतो.

हे मला मोटीबेननेच समजावलं होतं, मी नवीन होते तेव्हा. ती पाटीदारांची, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी, पण मराठी बरी बोलायची. तिच्या लहानपणी शेजारी सगळे मराठी होते म्हणे. मला ती ‘मराठण’ म्हणायची. मी बोलत नाही म्हणून चिडवायची. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “ए मराठण, तुझ्या तोंडाचं सेटिंग किती डिग्रीला ठेवलंय? आम्ही तापून तापून मेलो, पण ते काही उघडत नाही.” पॅकिंगच्या बायका कितीतरी वेळ हसत होत्या. मीही हसले असेन.

त्या उन्हाळ्यात हे गेले. हे एका केमिकल कंपनीत कंत्राटावर पाइप फिटर होते. सकाळी वासणा भागातल्या आमच्या घरी चहा पिताना छाती धरली आणि खुर्चीतच कलले. दवाखान्यापर्यंत रिक्षा पोचली, हे पोचले नाहीत. लोक आले, गेले. तेरावं झालं. मी रडले नाही. सासूबाई रडल्या, जाऊ रडली, मी पाणी दिलं सगळ्यांना. पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणालं, धक्का बसलाय तिला, उतरेल. मी वाट बघत राहिले. काही उतरलं नाही, काही चढलंही नाही. तेरावं झाल्यावर मी डबा भरला आणि कामावर गेले, कारण घरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोटीबेनने मला बघितलं आणि स्टूल पुढे ओढून दिलं. “बेस,” एवढंच म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. बत्ती लागली की आली म्हणायचं. जमत होतं.

मी नव्हते तेव्हा बरीच मीटरं निघून गेली होती. मी कधी विचारलं नाही की काट्यासमोर आणि बत्तीसमोर एकट्या मोटीबेनने कसं केलं. एका माणसाने ते होत नाही. तेल ढवळत सावकाश तापवायचं, काट्यावर डोळा ठेवायचा आणि बत्ती नेमकी कधी लागली तेही बघायचं. काटाही अगदी समोरून वाचावा लागतो. बाजूने बघितलं तर दोन डिग्री इकडच्या तिकडे दिसतात. काट्यासमोर एका वेळी एकच डोकं मावतं. डोकं बत्तीकडे वळवून परत आणेपर्यंत काटा पुढे सरकलेला असतो.

मग एके दिवशी शेठ ऑफिसातून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातात कापडात गुंडाळलेलं एक मीटर होतं. शेठ मूळचा हुशार मेकॅनिक, बापाचं वर्कशॉप त्याने वाढवलं होतं. ओरडायचा नाही. राग आला की आवाज आणखी खाली जायचा. त्याने मीटर मोटीबेनसमोर ठेवलं आणि सांगितलं की हे परत आलंय.

झालं होतं ते असं. नदीपलीकडच्या एका कारखान्यात दोन ट्रान्सफॉर्मर होते. एक दुरुस्तीला बंद, म्हणून सगळा लोड दुसऱ्यावर. त्यात उन्हाळा. वाइंडिंग तापत गेलं. अशा वेळी आधी अलार्म यायला हवा. आमच्या मीटरवर अलार्म पंचाण्णवला लावून द्यायचा होता आणि ट्रिप एकशे पाचला. मधल्या दहा डिग्री माणसासाठी असतात. भोंगा वाजला की ऑपरेटर पंखे बघतो, थोडा लोड काढतो, कोणाला तरी फोन करतो. तरीही तापलंच तर एकशे पाचला मीटर स्वतःच सप्लाय तोडतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाचतो. तिथे ट्रान्सफॉर्मर वाचला. पण अलार्मने कोणाला वेळच दिला नाही. सगळा कारखाना एकदम बंद पडला आणि भांड्यांमध्ये शिजत असलेला माल घट्ट होऊन बसला. पाळीवरच्या ऑपरेटरला कंपनीने घरी बसवलं होतं. त्यांचं म्हणणं, अलार्म आला असणार, यानेच लक्ष दिलं नाही. तो म्हणत होता, अलार्म आणि ट्रिप एकदमच आले.

“उद्या ते लोक येतायत,” शेठ म्हणाला. “आपल्या टेबलावर, त्यांच्यासमोर तपासायचं. मीटर बरोबर निघालं तर तो माणूस गेला. मीटर चुकीचं निघालं,” तो थांबला, “तर मोटीबेन, मला त्यांना काहीतरी दाखवावं लागेल.”

काय दाखवावं लागेल ते त्याने सांगितलं नाही. ते सगळ्यांना कळलं. बत्त्यांची सेटिंगं मोटीबेनशिवाय कोणी करत नव्हतं. तिला या वयात दुसरीकडे कोणी टेबलावर बसवलं नसतं, आणि घरी बसणं तिला माहीत नव्हतं. लग्न केलं नव्हतं. भाऊ होता, भावजय होती, आणि सुभानपुऱ्यात त्यांच्या घरी एका खोलीत ती राहायची. ती म्हणायची, माझं सासर म्हणजे हे टेबल.

दुसऱ्या दिवशी ते दोघे आले. एक इंजिनिअर साहेब, चाळिशीचा, घाईत असलेला. दुसरा तो ऑपरेटर. त्याने पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता, लग्नाला जाताना घालतात तसा. त्याला स्टूल दिलं तर तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला आणि शेवटपर्यंत तसाच बसला.

मोटीबेन सवयीने काट्यासमोर बसायला गेली. साहेब शेठला हळूच काहीतरी म्हणाला. शेठने मोटीबेनला सांगितलं की आज तू बत्तीकडे बस, काटा हिला वाचू दे. साहेबाचं म्हणणं बरोबर होतं. जिने सेटिंग केलं तिनेच काटा वाचायचा, हे कोणाला चाललं असतं?

मी काट्यासमोर बसले. त्या बाजूने मी कधी बसले नव्हते. तिथून खिडकी दिसत होती आणि खिडकीत एक रिकामा तेलाचा डबा.

बल्ब टाकीत सोडला. तेल पंच्याहत्तरपर्यंत आणून तिथे धरलं. सत्तरला पंख्याची बत्ती लागली, म्हणजे ट्रान्सफॉर्मर निववणारे पंखे सुरू करायची पहिली बत्ती, ती बरोबर लागली. मग शेठने मीटरच्या पोटातल्या हीटरला करंट दिला. त्या ट्रान्सफॉर्मरवर पूर्ण लोड असताना जेवढा करंट येतो तेवढाच. त्या ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग पूर्ण लोडवर तेलापेक्षा वीस डिग्री जास्त तापतं, हे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्यांनी मोजून दिलेलं असतं. म्हणजे तेल पंच्याहत्तरला असेल तर काटा हळूहळू पंचाण्णवला जाऊन थांबायला हवा. कमी चढला तर हीटरला करंट थोडा जास्त द्यायचा, जास्त चढला तर बाजूच्या रेझिस्टन्समधून थोडा वळवायचा, अशी ती जुळणी.

हे सावकाश होतं. हीटरला तापायला वेळ लागतो, तसा तो लावलेलाच असतो, कारण खरं वाइंडिंगही एकदम तापत नाही. पाऊण तास तरी जातो. चहा आला. साहेब फोनवर बोलत बाहेर गेला, शेठ त्याच्यामागे गेला. ऑपरेटरने चहा घेतला नाही.

मोटीबेन उठून माझ्यामागे आली. काटा बघण्याच्या निमित्ताने वाकली. तिच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता.

“ऐक,” ती म्हणाली. “तू नव्हतीस तेव्हाची मीटरं मी एकटीने केली होती. ट्रिप तेलात तपासली. याच्या अलार्मची नळी फुटली होती, नवी बसवली, आणि अलार्म पट्टीवरून लावला. दोन-तीन डिग्री इकडे तिकडे असेल. काटा तुझ्या डोळ्याने वाचायचाय. सांभाळून घे.”

नळी म्हणजे काचेची पाऱ्याची नळी. प्रत्येक बत्तीसाठी आत एक असते. काट्याबरोबर ती कलते, पारा एका टोकाला धावतो आणि दोन तारा जोडल्या जातात. कुठे कलायचं ते एका छोट्या पट्टीवरच्या आकड्यांवरून लावता येतं, स्क्रू ढिला करून. पण ती पट्टी नुसता अंदाज. खरं काय ते तेलात तापवल्यावरच कळतं.

मी मान हलवली नाही. नाहीही म्हटलं नाही. ती परत भिंतीकडे जाऊन बसली. मी तिच्या पाठीकडे बघितलं. ब्लाउजचा एक हूक उसवला होता.

मी बराच काळ या गोष्टीचा विचार करते आहे, की तेव्हा मला काय वाटलं. मला वाटायला हवं होतं. तिने मला काम शिकवलं, स्टूल ओढून दिलं. समोर एक माणूस इस्त्रीच्या शर्टात बसला होता, त्याच्याही घरी कोणीतरी असेल. मला दोघांचंही काही वाटलं नाही. काटा दिसत होता. काटा काळा होता आणि त्याच्या पुढ्यात एक लाल काटा होता, सर्वांत जास्त कुठपर्यंत गेला त्याची खूण म्हणून काळा काटा त्याला ढकलत नेतो. ते दोघे एकमेकांना चिकटून हळूहळू वर चालले होते. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

साहेब आणि शेठ आत आले. साहेब मोटीबेनच्या बाजूला बत्त्यांसमोर उभा राहिला. शेठ टाकीजवळ.

“किती?” साहेबाने विचारलं.

“त्र्याण्णव.”

माझा आवाज त्या खोलीत इतक्या मोठ्याने मी कधी ऐकला नव्हता. आणखी वेळ गेला. चौऱ्याण्णव. मग काटा पंचाण्णवच्या रेघेवर आला आणि तिथे थांबला.

मोटीबेनने वळून माझ्याकडे बघितलं. मी आताही त्र्याण्णव म्हणाले असते, चौऱ्याण्णवच म्हणाले असते, तर पुढचे आकडेही तेवढेच कमी सांगून तिला थोडी जागा देता आली असती. पण खोटं बोलायलाही माणूस जागा असावा लागतो. मी पंचाण्णव म्हणाले.

“हीटर बरोबर आहे,” शेठ म्हणाला. त्याने श्वास सोडला. मग त्याने भिंतीकडे बघितलं. पंख्याची एकच बत्ती लागलेली होती.

“एखादी डिग्री वर जाऊ दे,” मोटीबेन म्हणाली. तेही चूक नव्हतं. काटा रेघेवर आहे की अलीकडे, एवढ्याने बत्ती राहू शकते.

शेठने तेल तापवायला घेतलं. सावकाश. मीटरचा हीटर तसाच चालू, त्यामुळे तेल एक डिग्री चढलं की काटा एक डिग्री चढत होता. मी वाचत गेले. शहाण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. बत्ती नाही. अठ्ठ्याण्णवपर्यंत मोटीबेनचा हिशेब होता. त्यापुढे ती खांदे खाली सोडून बसली. नव्व्याण्णव. शंभर. ढवळण्याच्या पंख्याचा आवाज तेवढा होता. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन.

“आवी,” मोटीबेन म्हणाली. अलार्मची बत्ती लागली होती. तिने ती इतरांआधी सांगितली, सवयीने.

“एकशे चार,” मी म्हणाले.

शेठ टाकीवरून हात काढायच्या आत तिसरी बत्तीही लागली. ट्रिप. मी एकशे पाच वाचलं.

ऑपरेटर स्टुलावरून उठला नाही. तो साहेबाकडे बघून म्हणाला, “हे असंच झालं होतं, साहेब. भोंगा आणि अंधार, एकदम.” मग त्याने पाणी मागितलं. मी उठून दिलं. त्याने पूर्ण ग्लास संपवला आणि अजून एक मागितला.

शेठने करंट बंद केला, मीटर उघडलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. अलार्मची नवी नळी तिच्या चिमट्यात तिरकी बसली होती. पट्टीवर आकडा पंचाण्णवच होता. पण नळीच वाकडी, म्हणून पाऱ्याला टोकाला जायला काटा आणखी नऊ डिग्री वर जावा लागत होता.

“ही तेलात तपासली नव्हती?” शेठने खालच्या आवाजात विचारलं.

“एकटी होते.”

“मला सांगायचं.”

“सांगितलं होतं,” मोटीबेन म्हणाली. “तुम्ही म्हणालात गाडी उभी आहे, ट्रिप तपासलीस ना, बस झालं.”

शेठने बॅटरी बंद केली. मोटीबेन आता साहेबाकडे वळली, आणि तिचा आवाज नेहमीचा झाला, पॅकिंगच्या बायकांना लागतो तसा. “अने साहेब, मीटर लावताना काटा हाताने फिरवून भोंगा वाजवून बघतात. तुम्ही बघितलं होतंत का? की खिळ्याला कॅलेंडर लावतात तसं टांगलंत?”

ऑपरेटर खाली बघत होता, पण मला वाटतं तो हसला. नंतर साहेब शेठला म्हणाला की शटडाउन फार थोडा वेळ मिळाला होता, त्यामुळे तेव्हा ते राहिलं. त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. पण ट्रान्सफॉर्मर त्याचा होता आणि मीटर आमचं. ऑपरेटरला कामावर परत घेतील, एवढं त्याने जाताना सांगितलं, त्याच्यासमोरच.

ते गेल्यावर शेठने मोटीबेनला ऑफिसात बोलावलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिचा स्क्रू ड्रायव्हर होता, लाकडी मुठीचा, तो तिचा स्वतःचा होता. तिने तो पिशवीत टाकला. डबा टाकला. उद्यापासून येणार नव्हती.

मी तिच्याबरोबर गेटपर्यंत गेले. गेटवर शटल रिक्षांची रांग होती. ती रिक्षात बसायच्या आधी थांबली. मला वाटलं शिव्या देईल. तिने शांतपणे विचारलं, “तुझा नवरा गेला तेव्हाही तू असंच वाचलंस? एकशे तीन, एकशे चार?”

मी हो म्हणाले. तसंच झालं होतं.

ती रिक्षात बसली. रिक्षावाल्याने अजून दोन सवाऱ्यांची वाट बघितली, त्यामुळे ती बराच वेळ तिथे बसून होती आणि मी उभी होते.

दुसऱ्या दिवशी शेठने मला काट्यासमोर बसवलं. म्हणाला, बघून बघून तुला सगळं येतं. टेबलावर सेटिंगची वाट बघणारी मीटरं होती. मी तेल तापवलं, बल्ब सोडले, काटा वर आला. बत्तीच्या बाजूला कोणी नव्हतं. मी टाकी बंद केली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

शेठ आला. काय झालं म्हणून विचारलं.

“एकटीने होत नाही,” मी म्हणाले.

त्याने पॅकिंगमधल्या एकीला बत्तीसमोर बसवलं. तिला वाटलं गंमत आहे. बत्ती लागल्यावर ती आधी माझ्याकडे बघायची आणि मग ‘आली’ म्हणायची, तोवर काटा पुढे. दोनदा केलं, दोनदा आकडा वेगळा आला. मी परत टाकी बंद केली. मी हट्ट करत नव्हते, शेठला तसं वाटलं असेल. सेटिंग झालं नव्हतं, म्हणून मी झालं म्हणत नव्हते. संध्याकाळी शेठने विचारलं की मग कसं करायचं. मी सांगितलं की बत्तीसमोर मोटीबेन पाहिजे. पट्टीवरून लावून मी पाठवणार नाही. एवढं लांब मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं त्याला ‘गाडी उभी आहे’ आठवलं असावं, पण ते माझं वाटणं.

त्याने तिला बोलावणं पाठवायला बरेच दिवस घेतले. तोवर सेटिंगची मीटरं टेबलावरच राहिली, आणि मी नळ्या आणि तबकड्या पुसत बसले.

मोटीबेन आली ती पिशवी घेऊन, सरळ बत्तीच्या बाजूला. काट्यासमोरची जागा आता माझी, हे शेठने तिला आधीच सांगितलं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. ती माझ्याशी बोलत नव्हती. बत्ती लागली की ‘आवी’, मी आकडा सांगायचा, चूक असेल तर स्क्रू फिरवायचा, तेल निववायचं, परत. जेवायलाही ती पॅकिंगच्या बायकांत बसायची. मी परत बोलावलं, हे तिला कळलं होतं की नाही कोण जाणे. कळलं असतं तरी फरक पडला नसता. तिची जागा गेली ती गेलीच.

असे काही आठवडे गेले. एका दुपारी तेल सावकाश चढत होतं, काटा ऐंशीच्या पुढे होता, आणि तिने पाठमोरं बसूनच विचारलं, “तुझ्या घरवाळ्याला खायला काय आवडायचं?”

मी काटा बघत राहिले. मग म्हणाले, सुरण. रविवारी खंडेराव मार्केटातून सुरण आणायचे, मोठा गड्डा, तिथेच कापून घेतलेला. मला सुरणाने हाताला खाज सुटते, घशालाही. मी चिंच लावून सोलायची, आणि खायचीसुद्धा.

“त्याला सांगायचं ना.”

“नाही सांगितलं.”

“कधीच?”

“कधीच नाही. त्यांना वाटायचं मलाही आवडतं. माझ्यासाठी म्हणून मोठा गड्डा आणायचे.”

मोटीबेन वळली नाही. मी खिडकीतल्या डब्याकडे बघत होते. माझे हात खाजायला लागले, दोन्ही, मनगटापर्यंत, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते गालांवरून खाली टेबलावर पडत होतं. मला ते पुसायचं सुचलं नाही.

“आवी,” मोटीबेन म्हणाली.

मी काटा बघितला नव्हता. तो रेघेच्या कितीतरी पुढे गेला होता. किती, ते मला सांगता येईना. तिने थोडा वेळ वाट बघितली, मग उठली, टाकीचा हीटर बंद केला आणि तेल निवायला ढवळायचा पंखा तसाच चालू ठेवला.

“फरीथी करू, पहिल्यापासून,” ती म्हणाली आणि परत भिंतीकडे तोंड करून बसली.